अहो आणि अरे यांच्या मधून : विजापूर ते हंपी

शनिवार रात्र, गाडीत

लग्नानंतर आम्ही दोघंच असे पहिल्यांदाच बसलो आहोत, आणि समोरच्या बर्थवर एक आजी आहेत. आजींना झोप येत नाही. त्यांनी माझ्या हातातला हिरवा चुडा पाहिला, कोपरापर्यंत पुसट होत चाललेली मेंदी पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नवीनच का?" आम्ही दोघांनीही मान हलवली. यापुढे बोलण्यासारखं काही नव्हतं, तरी आजी सोलापूरपर्यंत बोलणार असं दिसतंय.

बाकी सगळे लग्नानंतर बर्फात जातात. आम्ही विजापूर, बदामी आणि हंपीला चाललो आहोत. साखरपुड्याच्या आधी फोनवर त्यानं विचारलं होतं, "डोंगर आवडतात, समुद्र आवडतो, की जुनी देवळं?" मी म्हटलं होतं, काहीही चालेल. त्या उत्तराला अनुसरून आज आमच्याकडे दोन टॉर्च, एक दुर्बीण आणि चालुक्यांवरचं जाड पुस्तक आहे. सासूबाईंनी निघताना विचारलं, "तिथे सगळे दगडच आहेत ना रे?" तो म्हणाला, "हो." त्याला खोटं बोलता येत नाही, एवढं एक मला आतापर्यंत कळलेलं आहे.

माझी अडचण वेगळी आहे. सासूबाईंसमोर मी त्याला "अहो" म्हणते, त्याच्या मित्रांसमोर "अरे" म्हणून पाहिलं, आणि दोघंच असलो की काहीच म्हणत नाही. सध्या मी कर्त्यावाचून बोलते. "चहा घ्यायचा का?" "निघायचं ना?" अशी वाक्यं दिवसभर पुरतात. हाक मारायची वेळ आली की जवळ जाऊन उभी राहते. तो वळून पाहीपर्यंत उभी राहायचं, बस.

रविवार, विजापूर

सोलापूरहून इकडे येताना होटगी मागे पडलं की स्टेशनांच्या पाट्यांवरची पहिली ओळ वाचता येत नाही. जमीन मात्र तशीच काळी, तशीच सपाट. गावाच्या बऱ्याच आधी गोल घुमट दिसायला लागतो आणि मग तो दिसतच राहतो. रिक्षा कुठेही वळली तरी तो आहेच.

लॉजची खोली स्वच्छ आहे. फक्त न्हाणीघराच्या दाराला कडी लागत नाही. कडी आहे, कोयंडा आहे, पण दार फुगल्यामुळे दोघांची भेट होत नाही. मी दाराकडे बघत होते, तोही बघत होता. मग तो एकदम म्हणाला, "मी खाली जाऊन पेपर बघून येतो," आणि गेला. बऱ्याच वेळानं आला तेव्हा त्याच्या हातात कानडी पेपर होता. त्याला कानडी येत नाही. मी काही विचारलं नाही. त्यानं तो पेपर नीट घडी करून टेबलावर ठेवला, आणि आम्ही इब्राहिम रोजा पाहायला गेलो.

रात्री आईचा फोन आला. "कसं आहे सगळं?" मी म्हटलं, छान आहे. "आणि तो?" तो दोन हातांच्या अंतरावर बसून सॉक्स घालत होता. झोपायचे सॉक्स वेगळे आहेत त्याचे. मी म्हटलं, तोही छान आहे.

सोमवार, विजापूर

गोल घुमटाला उघडल्या उघडल्या जायचं, हे त्यानं आधीच ठरवलं होतं. उशिरा गेलं तर वर शाळांच्या सहली असतात आणि मग कुजबुजीचं काही खरं नसतं.

खाली चौथऱ्यावर कबरी आहेत. या वरच्या नुसत्या खुणेच्या; खऱ्या त्यांच्या खाली तळघरात आहेत. मुहम्मद आदिलशहा, जो 1656 साली वारला, त्याच्या शेजारी त्याच्या दोन बेगमा, मुलगी, नातू, आणि त्याच रांगेत रंभा नावाची त्याची लाडकी नर्तकी. मी ती पाटी दोनदा वाचली. तो म्हणाला, "एवढा मोठा घुमट आणि मध्ये एकही खांब नाही, बघ." मी अजून पाटीच बघत होते. दोन्ही बेगमांना कायमचं रंभेच्या शेजारी ठेवताना कुणी विचारलं असेल का, असं मनात आलं. बोलले नाही. लग्नाला इतके कमी दिवस झालेले असताना हा विषय आपण काढू नये असं वाटलं.

घुमट मात्र खरंच बघण्यासारखा तोललेला आहे. खालची खोली चौकोनी, वरचा घुमट गोल. चौकोनावर गोल बसवायचा तर कोपरे उघडे पडतात. इथे भिंतींतून आठ कमानी अशा निघतात की त्या एकमेकींना छेदत आत झुकतात. जणू दोन चौकोन एकावर एक तिरके ठेवले आहेत. वर जाता जाता त्यातून जवळजवळ गोल कडं तयार होतं आणि घुमट त्यावर बसतो. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून मला हे आवडलं. तो इतिहासवाला, त्याला कुणी बांधलं ते आवडतं.

वर जायला कोपऱ्यातल्या मनोऱ्यांतून जिने आहेत. सात मजले. पायऱ्या उंच, अंधाऱ्या आणि वळणाच्या. जोडवी नवी आहेत, दर पायरीला बोटात रुततात. मधे एका झरोक्यापाशी तो थांबला आणि बाहेरचं फार निरखून पाहू लागला. बाहेर फक्त एक शेळी होती. मी दम खाऊन घेतला तसा तो पुढे निघाला.

घुमटाच्या बुडाशी आतून गोल सज्जा आहे. आरपार अंतर सुमारे 38 मीटर. आत शिरल्यावर पहिल्यांदा माझी स्वतःची चप्पल मला समोरून ऐकू आली.

त्यानं मला एका बाजूला उभं केलं आणि तो पलीकडे गेला. तिथून माझ्याकडे तोंड करून काहीतरी बोलला. नुसता गोंगाट आला, एकाच शब्दाचे सात-आठ तुकडे एकमेकांवर पडलेले. तेव्हा मला राहवलं नाही. मी खुणेनं सांगितलं, भिंतीकडे तोंड करायचं. मधल्या मोकळ्या जागेत बोललं की आवाज सगळीकडे पसरतो आणि घुमटावर आपटून परत परत येतो. भिंतीला जवळजवळ ओठ लावून हळू बोललं की तो भिंतीलगतच पुढे सरकतो. भिंत वाकलेली असल्यामुळे ती त्याला जागोजागी पुन्हा आतल्या बाजूला वळवत नेते. म्हणून तो विरत नाही, आणि पलीकडच्यानंही कान भिंतीपाशी नेला तर शब्द अन् शब्द पोचतो. मोठ्यानं ओरडण्यापेक्षा कुजबुज स्पष्ट येते ती यामुळेच.

त्यानं ऐकलं. भिंतीकडे वळला. आणि 38 मीटरवरचा माणूस माझ्या कानात म्हणाला, "ऐकू येतंय?"

मी दचकले. इतक्या जवळून तो अजून कधी बोललाच नव्हता.

"येतंय," मी म्हटलं.

"तुझ्या बांगड्यापण ऐकू येतात."

मी हात पदराखाली घेतला. थोडा वेळ भिंतीत काहीच नव्हतं. मग तो म्हणाला, "तू फार कमी बोलतेस."

मला वाटलं, आता घ्यावं नाव. समोर तो नाही, भिंत आहे. भिंतीचं नाव घ्यायला काय जातं? मी श्वास घेतला. तोंडातून आलं, "घरचा गीझर बंद केला होता का?"

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग, "हो. बहुतेक."

आणि त्यानंतर भिंतीतून एक तिसराच, जाडसर, आपल्याकडचा आवाज आला : "बहुतेक नको, फोन करून विचारा घरी."

सज्जाच्या तिसऱ्या बाजूला कॅमेरा घेतलेले एक काका बसले होते. ते भिंतीला पाठ टेकून निवांत होते, म्हणजे त्यांनी बांगड्यांसकट सगळं ऐकलं असणार. त्यांनी नंतर आमचा फोटो काढून दिला. तेवढ्यात शाळेची सहल वर आली, पन्नास पोरांनी एकदम "ओ" केलं आणि त्यानंतर घुमटात कुणालाच काही ऐकू येईना.

खाली उतरून त्यानं घरी फोन केला. गीझर बंद होता.

मंगळवार, विजापूर ते बदामी

आजही कानडी पेपर. आता दोन... नाही, तीन झाले. काल संध्याकाळचा धरून.

रेल्वे थेट बदामीला जाते. अलमट्टीजवळ कृष्णा ओलांडताना तो दाराशी जाऊन उभा राहिला आणि मला बोलावलं. याच नदीकाठी, इथून खालच्या अंगाला, 1565 साली राक्षसतागडीची लढाई झाली. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा, बिदर एकत्र आले आणि विजयनगरचा रामराया मारला गेला. म्हणजे आपण जिंकणाऱ्यांच्या गावाहून निघालो आहोत आणि हरलेल्यांच्या गावी पोचणार आहोत, असं तो म्हणाला. वाऱ्यानं त्याचे केस उभे राहिले होते. वर्गात मुलं कशी रंगून सांगतात तसं सांगत होता. एरवी हा माणूस जेवणात मीठ कमी आहे हेही सांगत नाही.

पुढे एक स्टेशन आलं, गुळेदगुड्ड रोड. मी पाटीवरची इंग्रजी अक्षरं जुळवली आणि एकदम म्हणाले, "गुळेदगुडीचा खण!" रुखवतात मांडलेला, ओटीत आलेला, बारशापासून बघत आलेला खण इथला. माझ्या अंगावरचा ब्लाउजही खणाचाच होता. त्यानं आधी पाटीकडे पाहिलं, मग ब्लाउजकडे, मग गडबडून परत पाटीकडे. "अच्छा," म्हणाला. बदामी येईपर्यंत पुस्तक वाचत होता. पान उलटलं नाही.

बुधवार, बदामी

तांबडा कडा, त्यात कोरलेली चार लेणी, खाली अगस्त्य तलावाचं हिरवं पाणी, पलीकडे पुन्हा तांबडा कडा. सकाळचं ऊन पडलं की सगळं गाव केशरी दिसतं.

पहिल्या लेण्यात बाहेरच अठरा हातांचा नटराज आहे. तो हात मोजत बसला. मी म्हटलं, अठरा हात आणि घरात एकटा नाचतोय. तो हसला. मोठ्यानं हसला! मला माहीतच नव्हतं की त्याच्या हसण्याला शेवटी बारीकशी शिट्टी आहे.

तिसरं लेणं सगळ्यांत मोठं. मंगलेशानं ते भाऊ कीर्तिवर्मा राज्यावर असताना खोदवलं, आणि तिथल्या लेखात शक 500 दिलेला आहे, म्हणजे 578 साल. त्याला याचा केवढा आनंद! इतकं जुनं आणि तरी तारीख पक्की, असं फार कमी ठिकाणी मिळतं म्हणे. मी खांब बघत होते. वर छताला टेकवलेल्या प्रत्येक तिरक्या खांबावर झाडाखाली एकेक जोडपं उभं आहे. एकीला तोल सावरत नाही म्हणून त्यानं तिला धरलंय, एकीनं त्याच्या खांद्यावर कोपर टेकवलंय, एक जण तिची हनुवटी वर करून काहीतरी समजावतोय. चौदाशे वर्षं झाली, कुणाला कसलाही संकोच नाही. दुर्बीण माझ्याकडे होती. मी ती त्याला दिली. त्यानं एका जोडीकडे पाहिलं आणि छतावरच्या नक्षीबद्दल बोलू लागला. मग आम्ही दोघांनी बराच वेळ छत पाहिलं.

बदामीत माकडं आहेत. पाटीवर लिहिलंय, रिक्षावाल्यानं सांगितलंय, लॉजवाल्यानं सांगितलंय. खायचं हातात धरू नका, प्लॅस्टिकची पिशवी तर अजिबात नको. पिशवीचा नुसता आवाज झाला तरी ती येतात. आम्ही सगळं पाळलं. चौथ्या लेण्यावरून उतरताना तो कठड्याला टेकून वहीत काहीतरी टिपत होता, आणि मी पायऱ्या सोडून वर पाहिलं तर एक दांडगं माकड त्याच्या मागे कठड्यावर बसून शांतपणे त्याच्या टोपीकडे हात नेत होतं.

जवळ जाऊन उभं राहायला वेळ नव्हता.

मी त्याचं नाव घेतलं. एकेरी, तोंड भरून, आमच्या शाळेच्या मैदानात घेते त्या आवाजात. पुढे "टोपी!" असंही ओरडले, पण त्याची गरज नव्हती. नाव तलावावरून पलीकडच्या कड्यावर गेलं आणि परत आलं. खाली धुणं धुणाऱ्या बायकांनी वर पाहिलं. माकडानं माझ्याकडे पाहिलं, आणि टोपी घेऊन गेलं.

तो टोपीसाठी धावला नाही. तिथेच वही हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "काय म्हणालीस?"

"माकड," मी म्हटलं.

गुरुवार, पट्टदकल

आज मन भरून पाहिलं. बदामीहून साधारण 22 किलोमीटर. मलप्रभेच्या काठी, एकाच आवारात देवळांची गर्दी. चालुक्य राजांचे राज्याभिषेक इथे व्हायचे.

गोष्ट अशी आहे. दुसऱ्या विक्रमादित्यानं कांचीच्या पल्लवांना हरवलं. त्या विजयाची आठवण म्हणून त्याच्या राणीनं, लोकमहादेवीनं, इथे मोठं देऊळ बांधलं, आठव्या शतकात. तेच आजचं विरूपाक्ष. तिच्या नावावरून त्याला लोकेश्वर म्हणत. तिची सख्खी बहीण त्रैलोक्यमहादेवी हीदेखील त्याचीच राणी. तिनं लगेच शेजारी दुसरं देऊळ बांधलं, त्याला त्रैलोक्येश्वर म्हणत, आजचं मल्लिकार्जुन. कारण तेच, विजय तोच, नवरा तोच, आराखडाही जवळजवळ तोच. फक्त थोडं लहान.

मी दोन्ही देवळांच्या मधे उभी राहून मान इकडून तिकडे फिरवत होते. त्यानं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "हिनं बांधलं म्हणून तिनं बांधलं." तो म्हणाला, तसं पुरावा म्हणून म्हणता येणार नाही. मी म्हटलं, बहिणी आहेत, पुरावा कशाला हवा? माझी धाकटी बहीण माझ्या लग्नात माझ्याच रंगाचा शालू शोधत होती. मग मी त्याला तो सगळा किस्सा सांगितला, दुकानापासून. त्यातून आमची मावशी निघाली, मावशीतून तिचं भांडण. विरूपाक्षाच्या नंदीपाशी सुरू झाले ते संगमेश्वराला वळसा घालून नदीच्या घाटावर येईपर्यंत बोलत होते. मलप्रभा इथे उत्तरेकडे वाहते, म्हणून जागा पवित्र. हे त्याला सांगायचं होतं, पण त्यानं माझं संपेपर्यंत वाट पाहिली. नंतर सांगितलं. तेव्हा बस यायला आली होती.

आणखी एक. कांची जिंकून राजानं तिथलं कैलासनाथाचं देऊळ लुटलं नाही. उलट त्याचं धन त्याला परत केलं आणि तिथल्या खांबावर तसा कानडी लेख कोरून ठेवला. बायकोनं बांधलेलं हे देऊळ पुष्कळसं त्याच देवळासारखं आहे. म्हणजे स्वारीवरून आल्यावर घरी बसून त्यानं तिला तिथलं देऊळ कसं होतं ते सांगितलं असणार. हे माझं मत. तो म्हणाला, कारागीर तिकडून आले असतील. असतील.

शुक्रवार

गदगला गाडी बदलून होस्पेट. ऊन. प्रवासात लिहिण्यासारखं काही नाही. ऐहोळे राहिलं, पाय सुजले होते माझे. तो "पुढच्या वेळी" म्हणाला आणि खिडकीतून बाहेर बघू लागला, पण मला दिसत होतं की तो मनात ऐहोळे उतरवून ठेवत होता.

शनिवार, हंपी

हंपी एका दिवसात बघता येत नाही, दोन दिवसांतही नाही. सगळीकडे गोल गुळगुळीत धोंडे एकमेकांवर ठेवलेले. ते कुणी ठेवलेले नाहीत. मूळचा ग्रॅनाइटचा खडक भेगांतून झिजत गेला, कडा गेल्या, मधले गोटे राहिले. हे मी सांगितलं. राजांचं त्यानं सांगितलं. आमची आता वाटणी झालेली आहे.

विठ्ठल मंदिरातला दगडी रथ म्हणजे खरं तर गरुडाचं देऊळ. त्यानं पाकिटातून नवी पन्नासची नोट काढली, तिच्या मागच्या चित्राशेजारी डोळा बारीक करून रथ धरला, आणि चाकांपासून पायरीपर्यंत ताडून पाहू लागला. तिथल्या रखवालदारानं कौतुकानं त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे सहानुभूतीनं.

आत वाजणारे खांब आहेत, पण आता त्यांना हात लावू देत नाहीत. एवढी माणसं वाजवून वाजवून गेली की खांब झिजायला लागले. बरोबरच आहे. तरी एका बाईनं अंगठीनं टिच्चून पाहिलंच. बारीक, धातूसारखा आवाज आला. ती आणि मी, दोघींनी एकदम दुसरीकडे पाहिलं.

संध्याकाळी मातंग टेकडीवर चढवेना, म्हणून हेमकूटावर बसलो. खाली विरूपाक्षाचं गोपुर, समोर मोडलेला बाजार, आणि लांबवर नुसते चौथरे. त्यांवरची लाकडी घरं आणि वाडे जळून गेले, दगडाचं तेवढं उरलं. तो रामराया घरी काय सांगून निघाला असेल लढाईला, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "म्हातारा होता तो, खूप म्हातारा. घरच्यांनी नको म्हटलं असेल." मग जरा थांबून, "याला मात्र पुरावा नाही हं."

रविवार, हंपी

विरूपाक्ष मंदिरात सकाळी हत्तीण आशीर्वाद देते. सोंड डोक्यावर ठेवते. त्याच्या डोक्यावर ठेवली, माझ्या ठेवली, आणि मग माझा गजरा घेतला. माझं या सहलीत प्राण्यांशी काही जमत नाही.

रंगमंडपाच्या छतावर रंगवलेली चित्रं आहेत : शिवपार्वतीचं लग्न, मत्स्यवेध करणारा अर्जुन, आणि ध्यानस्थ शंकरावर बाण सोडणारा मदन. आम्ही माना वर करून उभे होतो. छत बघण्याचा आता आम्हाला चांगला सराव झालेला आहे.

पण आजची खरी गोष्ट गाभाऱ्याच्या मागे. पायऱ्या चढून एका अंधाऱ्या खोलीत जायचं. भिंतीत एक लहानशी फट आहे आणि समोरच्या भिंतीवर नऊ मजली गोपुराची सावली पडते, उलटी. कळस खाली, दार वर. गाइड म्हणत होता, चमत्कार. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "सांग."

मी सांगितलं. आरसा नाही, भिंग नाही. उजेड सरळ रेषेत जातो एवढंच. गोपुराच्या माथ्याकडून येणारा उजेड वरून खाली तिरका येतो, फटीतून शिरतो आणि तसाच तिरका जात भिंतीवर खाली पडतो. पायथ्याकडचा खालून वर येतो तो वर पडतो. फट लहान आहे म्हणून भिंतीच्या प्रत्येक जागी गोपुराच्या एकेकाच भागाचा उजेड पोचतो; ती मोठी केली तर सगळे भाग एकमेकांत मिसळतील आणि नुसतं ऊन दिसेल. सकाळी गोपुरामागचं आभाळ उजळ आणि आपल्या बाजूनं गोपुर काळं, म्हणून चित्र सावलीसारखं दिसतं. खात्री करायची असेल तर फटीसमोर हात आडवा धरायचा. मी खालच्या बाजूनं हात सरकवत नेला तर सावलीचा कळस बाकी असतानाच दार... छे, इथे मला पोरांसारखंच दोनदा करून पाहावं लागलं. फटीच्या अगदी जवळ हात धरला की सगळंच अंधारतं. हात बराच दूर, भिंतीकडे नेला तेव्हा जिथे हात तिथलाच तुकडा गेला.

गाइड आणि चार अनोळखी माणसं गोळा होऊन ऐकत होती. मी थांबले तेव्हा लक्षात आलं की पदर खोचलेला आहे आणि माझा आवाज मोठा आहे. गाइडनं विचारलं, "मॅडम टीचर?" त्यानं उत्तर दिलं, "हो. माझी बायको." दोन्ही गोष्टी त्यानं सारख्याच सुरात सांगितल्या. मी पदर सोडला.

लॉजवर आलो तर तो चपला घालून दाराशी. "पेपर बघून येतो."

इथे आल्यापासून मी बघत होते. होस्पेटच्या लॉजचं दार सरळ आहे, कडी नीट बसते, शिवाय वर एक खिटीही आहे.

"इथली कडी लागते," मी म्हटलं.

तो दाराकडे बघत राहिला. मग चपला काढल्या, एक सरळ, एक उलटी, आणि खुर्चीवर येऊन बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "मला तो पेपर तसाही कळत नव्हता."

सोमवार, परतीच्या गाडीत

तो झोपलाय. वही उशाशी होती. उघडीच होती, निदान पूर्ण मिटलेली नव्हती. हिशोब आहेत. मथळे ठळक अक्षरांत : प्रवास, राहणं, जेवण, प्रवेश तिकिटं. आणि पाचवा मथळा "ती". त्याखाली : बाम. कॉफी (साखर कमी). जोडव्यांसाठी कापूस. कॉफी. गजरा (हत्ती).

खर्चाचं स्वतंत्र खातं झाले आहे मी. मला हसू आलं आणि थोडं काय काय आलं. रकमा मात्र कुठेच लिहिलेल्या नाहीत.

मी शेजारच्या पानावर मथळा लिहिला, "तो". टोपी (माकड). कानडी पेपर, सगळे. मग वही होती तशी ठेवली. पेपरांत मी जोडवी, दगडी दिवे आणि त्याचे ओले सॉक्स गुंडाळले आहेत. उपयोगी पडले म्हणायचे.

घरी, गुरुवार

आज सगळे फोटो बघायला बसले. आत्याबाई, शेजारच्या काकू, सासरे, सासूबाई. टीव्हीवर लावले. खांब. खांबाचा वरचा भाग. खांबाचा खालचा भाग. शिलालेख. शिलालेख, जवळून. शेजारच्या काकूंनी देवळागणिक हात जोडले आणि पहिल्या अर्ध्या तासानंतर सोडलेच नाहीत. सासरे मधेच डुलकी काढून आले तरी पट्टदकलच चालू होतं.

"अगं पण तुमचे दोघांचे कुठेत?" आत्याबाईंनी विचारलं.

दोघांचा एकच आहे, त्या काकांनी घुमटात काढलेला. तो शोधून लावला. मोठाच्या मोठा गोल सज्जा, अंधार, वरच्या झरोक्यातून उजेड. सासूबाईंनी चष्मा लावला, टीव्हीजवळ गेल्या, डावीकडून उजवीकडे बघत आल्या.

"यात तुम्ही आहात कुठे?"

मी उठून बोट ठेवून दाखवलं. या टोकाचा ठिपका मी. त्या टोकाचा, आणि मी त्याचं नाव घेतलं. आत्याबाईंची भुवई जरा वर गेली, पण सासूबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या दोन ठिपक्यांमधलं अंतर न्याहाळत होत्या.

"एवढं लांब जाऊन," त्या म्हणाल्या, "एवढे लांब लांब कशाला उभे राहिलात रे?"